कॉफी, स्वादुपिंडाचा कर्करोग आणि शून्य कपांची ओळ

१२ मार्च १९८१ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हार्वर्डच्या ब्रायन मॅकमहन आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध छापून आला. बोस्टन परिसर आणि ऱ्होड आयलंडमधल्या ११ मोठ्या रुग्णालयांत, ऑक्टोबर १९७४ ते ऑगस्ट १९७९ या काळात, स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ३६९ रुग्णांना आणि इतर आजारांच्या ६४४ रुग्णांना त्यांनी सवयींबद्दल प्रश्न विचारले होते. शोध घ्यायचा होता तंबाखू आणि दारूचा. पण दारूचा संबंध दिसला नाही, सिगारेटचा दिसला तो अगदी हलका, आणि ध्यानीमनी नसताना कॉफी पुढे आली. कॉफी न पिणाऱ्यांच्या तुलनेत दिवसाला दोन कपांपर्यंत पिणाऱ्यांचा धोका १.८ पट, तीन किंवा जास्त कप पिणाऱ्यांचा २.७ पट. संबंध खरोखर कार्यकारणाचा असेल तर अमेरिकेतल्या या कर्करोगाच्या निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांमागे कॉफी असू शकते, असाही अंदाज लेखकांनी दिला.

१, १.८, २.७. जिन्याच्या पायऱ्यांसारखे हे आकडे पाहून 'मात्रा वाढली की धोका वाढतो, म्हणजे कारण सापडलं' असं कोणालाही वाटेल. हे प्रकरण इथे घेतलंय ते एवढ्यासाठी की या निष्कर्षात काय खुपतं आहे, ते त्याच निबंधातल्या तक्त्यावरून, कागद-पेन्सिल घेऊन, छापून आल्या दिवशीही शोधता आलं असतं. पुढच्या अभ्यासांची वाट पाहायची गरज नव्हती.

तक्ता असा आहे. केस म्हणजे कर्करोगाचा रुग्ण, कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी घेतलेला दुसऱ्या आजाराचा रुग्ण. कॉफीची नोंद नसलेले दोन-तीन जण गळाल्यामुळे बेरीज किंचित कमी भरते.

| रोजचे कप | पुरुष केस | पुरुष कंट्रोल | स्त्री केस | स्त्री कंट्रोल |
|---|---|---|---|---|
| ० | ९ | ३२ | ११ | ५६ |
| १–२ | ९४ | ११९ | ५९ | १५२ |
| ३–४ | ५३ | ७४ | ५३ | ८० |
| ५ व जास्त | ६० | ८२ | २८ | ४८ |

आधी काय, नंतर काय

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ साली कार्यकारणभाव तपासायचे नऊ दृष्टिकोन मांडले. त्यांतला कालक्रम तेवढा सक्तीचा: कारण परिणामाच्या आधी असलंच पाहिजे. बाकीचे कमी-जास्त चालतात. केस-कंट्रोल अभ्यासात मात्र नेमकी याचीच पंचाईत असते, कारण आजार झाल्यावर मागे वळून सवय विचारली जाते.

मॅकमहन यांच्या गटाला याची जाणीव होती. म्हणून प्रश्न असा होता: सध्याचा आजार लक्षात येण्याआधी, एरवीच्या दिवशी तुम्ही किती कप कॉफी घेत होता? वाचताना पुष्कळ जण इथेच कालक्रमापुढे बरोबरची खूण करून पुढे जातात. तसं करू नये, दोन कारणांसाठी.

पहिलं कारण केसच्या बाजूचं. 'लक्षण दिसण्याआधी' आणि 'आजार सुरू होण्याआधी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगात त्यांच्यातलं अंतर फार मोठं असतं. गाठींमधल्या जनुकीय बदलांवरून २०१० साली झालेल्या मोजणीनुसार पहिल्या बदलापासून पूर्ण कर्करोगी पेशी तयार व्हायला किमान दहा वर्षं जातात, आणि ती इतरत्र पसरण्याची क्षमता यायला आणखी किमान पाच. म्हणजे कॉफीने हा आजार सुरू होत असेल तर कामाची ठरते ती पंधरा-वीस वर्षांपूर्वीची कॉफी. विचारली गेली ती आजार उघड होण्याआधीची. किती वर्षं पितो, मध्ये कधी सोडली होती का, हे त्या एका प्रश्नातून कळत नाही. माणसाची कॉफी वर्षानुवर्षं तशीच राहत असेल तर हा दोष फारसा नडत नाही. पण तसं गृहीत धरलं आहे, एवढं तरी वाचकाने समासात लिहून ठेवावं.

केसच्या बाजूला उलट्या क्रमाचीही शंका घेता येते. म्हणजे आजारामुळे सवय बदलली, सवयीमुळे आजार नव्हे. या कर्करोगात भूक मरते, तोंडाची चव जाते. पण त्यामुळे रुग्णाची कॉफी कमी झाली असती, वाढली नसती. ही चूक झाली असेल तर ती संबंध झाकणारी आहे, दाखवणारी नाही. लेखकांच्या बाजूने जाणारा हा मुद्दा आहे आणि तो प्रामाणिकपणे त्यांच्या पदरात टाकायला हवा.

दुसरं कारण कंट्रोलच्या बाजूचं, आणि खरी मेख इथेच आहे. कालक्रम तपासताना आपलं सगळं लक्ष केसवर असतं. कंट्रोललासुद्धा आजार आहे, तोही कधीतरी सुरू झालेला आहे, हे मनातच येत नाही. या अभ्यासात कंट्रोल कसे निवडले? केसवर जे डॉक्टर उपचार करत होते, त्यांच्याच हाताखाली त्याच सुमारास दाखल असलेले दुसरे रुग्ण. वरवर पाहता हे सोयीचं आणि नेटकं: रुग्णालय एक, डॉक्टर एक, मुलाखतीची पद्धत एक. पण स्वादुपिंडाचा कर्करोग पाहणारा डॉक्टर बहुधा पोटविकारांचा असतो, आणि त्याचे इतर रुग्णही पोटाचेच.

पोटाच्या रुग्णाला डॉक्टर पहिलं काय सांगतो, हे आपल्याकडे पित्ताचा त्रास असलेल्या कोणालाही विचारा. चहा-कॉफी बंद. डॉक्टरने सांगितलं नाही तरी दोन वेळा जळजळ झाली की माणूस आपणहून कप बाजूला सारतो. पोटाचं दुखणं वर्षानुवर्षं रेंगाळतं, त्यामुळे 'आजार लक्षात येण्याआधी' या शब्दांचाही उपयोग होत नाही. रुग्णाच्या दृष्टीने या वेळचा आजार म्हणजे ज्यासाठी तो आता दाखल झाला तो. कॉफी त्याने चार वर्षांपूर्वीच सोडलेली असते. तो सरळ मनाने सांगतो, शून्य कप.

म्हणजे उलटा क्रम आहे, पण तो कंट्रोलमध्ये आहे. आजारामुळे कॉफी सुटली, आणि त्या सुटलेल्या कॉफीशी तुलना करून कर्करोगाच्या रुग्णांची नेहमीची कॉफी जास्त वाटली.

याला आणखी एक जोड मिळाली. तंबाखू-दारूशी संबंध तपासायचा असल्यामुळे त्या दोहोंशी नातं असलेल्या आजारांचे रुग्ण कंट्रोलमधून वगळले होते. मूळ प्रश्नासाठी ते बरोबरच होतं. पण सिगारेट ओढणारे लोक कॉफीही जास्त पितात. त्यांना बाहेर काढलं की कंट्रोलमधले कॉफीबाजही आपोआप कमी होतात. एका प्रश्नासाठी निवडलेले कंट्रोल दुसऱ्या प्रश्नाला लावले की असं होतं. कॉफीचा निष्कर्ष ठरवून नव्हे, ओघात सापडला होता, हे म्हणून महत्त्वाचं.

जिना खरा आहे का

आता मात्रा आणि प्रतिसाद. गोषवाऱ्यातले १.८ आणि २.७ हे आकडे पुरुष आणि स्त्रिया एकत्र करून, वरचे दोन गट जोडून काढलेले आहेत. तक्ता उघडून दोघांना वेगळं करा.

गणित सोपं आहे. प्रत्येक ओळीत केसला कंट्रोलने भागायचं, आणि त्या भागाकाराला शून्य कपांच्या ओळीतल्या भागाकाराने भागायचं. पुरुषांच्या शून्य ओळीत ९ भागिले ३२, म्हणजे ०.२८. पुढच्या तीन ओळींत ०.७९, ०.७२ आणि ०.७३. शून्याशी तुलना केली तर धोका साधारण २.८, २.५ आणि २.६ पट. वय वगैरे जुळवून लेखकांनी दिलेले आकडे २.६, २.३ आणि २.६ आहेत, म्हणजे आपलं हातचं गणितही जवळच आहे.

हा जिना नाही, ओटा आहे. एक पायरी चढलात की पुढे सपाट. रोज एक कप पिणारा पुरुष आणि पाच कप पिणारा पुरुष यांच्यात काहीच फरक नाही.

नेहमी वापरावी अशी एक चाचणी इथे करता येते: शून्याची ओळ झाकून टाका आणि फक्त पिणाऱ्यांमध्ये चढ दिसतो का ते बघा. पुरुषांत १–२ कपांना पाया धरला तर ३–४ कपांना ०.९ आणि पाच कपांना ०.९. चढ नाहीच. स्त्रियांत ३–४ कपांना १.७ पट, पण पाच कपांना पुन्हा उतरून १.५. म्हणजे स्त्रियांत थोडा चढ आहे, तोही अर्ध्यावर थांबलेला. गोषवाऱ्यातल्या सरळ पायऱ्या दोन वेगळ्या आकृत्या एकमेकींत मिसळून तयार झालेल्या आहेत.

मात्रेबरोबर धोका चढतो का हे पाहणाऱ्या 'कलाच्या चाचणी'चा जो एक आकडा अशा निबंधांत दिलेला असतो, त्यानेही इथे फसायला होतं. त्या चाचणीत शून्याची ओळ धरलेली असते, आणि एकटी तीच ओळ खाली असली तरी कल लक्षणीय दिसू शकतो.

सपाट ओट्याचा खुलासा जीवशास्त्राने करताच येणार नाही असं नाही. एखाद्या पदार्थाचा परिणाम थोड्या मात्रेतच पूर्ण होत असेल तर पुढे वाढ दिसणार नाही. पण मग हे म्हणणाऱ्याने दिवसाच्या एका कपातच तो पूर्ण का व्हावा हे सांगायला हवं, आणि तो स्त्रियांत निराळा का वागतो तेही. त्यापेक्षा साधा खुलासा समोर आहे: पिणारे सगळे एकसारखे आहेत, वेगळे आहेत ते न पिणारे. आणि कालक्रम तपासताना आपली शंकाही त्याच ओळीवर होती.

चौदा माणसं

आता त्या ओळीवर बोट ठेवून पाहू. पुरुष कंट्रोल ३०७, त्यांतले न पिणारे ३२, म्हणजे १०.४ टक्के. पुरुष केस २१६, न पिणारे ९, म्हणजे ४.२ टक्के. कॉफी पिणारे विरुद्ध न पिणारे एवढीच तुलना केली तर धोका २.७ पट येतो.

समजा, त्या ३२ पैकी १४ जणांनी पोटाच्या त्रासामुळे कॉफी सोडली होती, आणि त्यांची जन्माची सवय विचारली असती तर ते पिणाऱ्यांत गेले असते. हा १४ चा आकडा आपला, अभ्यासातला नव्हे. मग कंट्रोलमध्ये न पिणारे उरले १८, पिणारे झाले २८९. केसमध्ये २०७ आणि ९ तसेच. २०७ भागिले ९ म्हणजे २३. २८९ भागिले १८ म्हणजे सुमारे १६. धोका १.४ पट. ३०७ पैकी १४ माणसं इकडची तिकडे केली आणि पावणेतीनपट धोका दीडपटीच्याही खाली आला.

या संबंधाचा सगळा भार किती थोड्या माणसांवर होता, ते यावरून कळतं. ९५ टक्के विश्वासाची मर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असावा असं धरतात ती पट्टी, हीही हेच सांगते. पिणारे विरुद्ध न पिणारे या तुलनेत ती साधारण १.२ ते ५.७ येते. एवढी रुंद का? कारण तिच्या सूत्रात चारही चौकटींचे व्यस्त अंक मिळवतात, आणि त्यांत १/९ हा एकटाच बेरजेच्या जवळजवळ तीन चतुर्थांश आहे. हजारावर माणसांचा अभ्यास म्हणायचा, पण पुरुषांचं उत्तर टेकलंय नऊ जणांवर.

निम्म्या कर्करोगांचा तो अंदाजही याच पायावर उभा होता. केसपैकी ४२ टक्के एक-दोन कप पिणारे, ५३ टक्के त्याहून जास्त. त्यांना १.८ आणि २.७ लावून हिशेब केला की साधारण ५२ टक्के येतात. हिशेब चोख आहे, पण त्यात 'संबंध कार्यकारणाचा आहे' हे आधीच मान्य केलेलं आहे. बातम्यांमध्ये मात्र अशा वाक्यातला 'जर' सगळ्यांत आधी गळतो.

या खुलाशाच्या विरुद्ध जाणारी एक गोष्टही याच निबंधात आहे, ती लपवून चालणार नाही. चहाचा कर्करोगाशी संबंध दिसला नव्हता. पोटाच्या रुग्णांनी कॉफी सोडली तर चहाही सोडायला हवा होता, मग चहाही गुन्हेगार दिसायला हवा होता. याला उत्तर देता येतं: अमेरिकेत कॉफी सोडणारा पुष्कळदा चहाकडे वळतो, म्हणून कंट्रोलमधला चहा कमी झाला नसेल. उत्तर पटण्यासारखं आहे, पण तेही तपासायलाच हवं असं एक अनुमान आहे. आपल्याला आवडलेल्या शंकेलाही मोजपट्टी तीच लावायची.

पुन्हा पुन्हा तेच दिसतं का

सातत्य म्हणजे संबंध दाखवणाऱ्या निबंधांची मोजदाद नव्हे. पोटविकारांच्या वॉर्डातून कंट्रोल घेतलेले दहा अभ्यास दहाही वेळा कॉफीकडे बोट दाखवतील, आणि ती एकच चूक दहा वेळा झालेली असेल. सातत्याला वजन येतं ते चुकायच्या वाटा वेगवेगळ्या असूनही उत्तर एकच आलं तर. म्हणून पुढचा अभ्यास हातात घेतला की आधी हे पाहावं: मागच्यात ज्या वाटेने चूक शिरली असेल, ती वाट इथे बंद आहे का?

कॉफीच्या बाबतीत ती वाट दोन प्रकारे बंद करता येते. एक, कंट्रोल रुग्णालयाबाहेरच्या लोकांतून घेणं. दोन, कोहॉर्ट अभ्यास: निरोगी माणसांची कॉफी आजच लिहून ठेवायची आणि पुढे वर्षानुवर्षं कोणाला काय होतं ते पाहायचं. कोहॉर्टमध्ये कालक्रम आपोआप पाळला जातो, आणि कंट्रोल निवडायचा प्रश्नच उरत नाही. त्याची अडचण वेगळी. हा कर्करोग विरळ आहे, त्यामुळे हजारो माणसं आणि दीर्घ काळ लागतो.

१९८६ मध्ये मॅकमहन यांच्याच गटाने नवे रुग्ण घेऊन पुन्हा पाहणी केली आणि आधीचा संबंध आपल्याला पुन्हा सापडत नसल्याचं त्याच नियतकालिकात कळवलं. त्यांच्या बाजूने हे मुद्दाम नमूद करायला हवं, कारण स्वतःचाच गाजलेला निष्कर्ष मागे घेणारं पत्र लिहायला सगळेच धजत नाहीत. २००१ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिका आणि पुरुष आरोग्य-व्यावसायिकांच्या दोन मोठ्या कोहॉर्टचा एकत्रित निकाल आला. त्यात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे २८८ रुग्ण होते. दिवसाला तीनहून जास्त कप पिणाऱ्यांचा धोका न पिणाऱ्यांच्या ०.६२ पट निघाला, मर्यादा ०.२७ ते १.४३. यावरून 'कॉफी कर्करोग टाळते' असं कोणी म्हणू नये, कारण मर्यादेत १, म्हणजे 'काहीच फरक नाही' हा आकडाही येतो. पण त्याच मर्यादेच्या वरच्या टोकापासूनही २.७ बराच दूर राहतो, आणि आपला प्रश्न तेवढाच होता. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सगळे पुरावे पाहून स्वादुपिंडाच्या बाबतीत कॉफी कर्करोगकारक नसल्याकडे पुरावा झुकतो असं नोंदवलं.

मार्च १९८१ मध्ये, हे पुढचं काहीही माहीत नसताना, निबंधाच्या शेवटच्या पानावर काय शेरा लिहिता आला असता? साधारण असा: 'कालक्रम: केसमध्ये निदान उलटा नाही, पण पुरेसा मागचा नाही, कंट्रोलमध्ये उलटा असण्याची दाट शक्यता. मात्रा: पुरुषांत नाही, स्त्रियांत अर्धवट, सगळा फरक शून्य कपांच्या ओळीत. सातत्य: स्त्री-पुरुषांतच आकृती जुळत नाही, बाहेरचा पुरावा यायचा आहे. कार्यकारण मानण्याजोगा नाही. कोहॉर्टमध्ये पाहावा.' यात हिल यांच्या यादीतले तीनच मुद्दे आहेत. आकड्यांची 'लक्षणीयता' शेऱ्यात कुठेच नाही, कारण कंट्रोल चुकीचे असतील तर पी-व्हॅल्यू, म्हणजे संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता, कितीही लहान आली तरी ती चूक भरून काढत नाही.

आणि त्याच निबंधात दुसराही एक संबंध होता, ज्याकडे कॉफीच्या गलक्यात फार थोड्यांचं लक्ष गेलं. सिगारेटचा, हलकासा. तो पुढे कोहॉर्टमध्येही दिसला, रुग्णालयाबाहेरचे कंट्रोल घेतल्यावरही दिसला, ओढण्याबरोबर चढत गेला आणि सोडल्यावर वर्षांगणिक उतरत गेला. आज सिगारेट हे स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं मान्य कारण आहे. ओढणाऱ्याचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे दुप्पट.